आधी भाडेकरू ठरवा, मग गवंडी बोलवा

वाचकाचं पत्र

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं आजोबांच्या वेळचं कौलारू घर आहे. पुढे तीन खणी सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि एक खोली, परसात न्हाणी आणि शौचालय. बाजूच्या बोळातून मागे यायला वेगळं दार आहे. वडील गेल्यापासून तीन वर्षं घर बंद आहे. मी पुण्यात नोकरी करतो, वर्षातून तीन-चारदा जातो. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव आहे. काका गावातच दुसरीकडे राहतात. त्यांची हरकत नाही, पण चुलतभाऊ म्हणतो विकून टाकू. मला घर ठेवायचं आहे, मात्र ते नुसतं खर्च करत राहणं परवडत नाही. होमस्टे करावा असं मनात आहे. ठेकेदाराने फरशी, सिमेंट गिलावा, पीओपी छत आणि दोन जोडबाथरूम मिळून नऊ लाख सांगितले. माझ्याकडे दीड-दोन लाख आहेत, बाकीचं कर्ज काढावं लागेल. भाड्याने द्यायची भीती वाटते, कारण आमच्या आळीत एक भाडेकरू तीस वर्षं हललेला नाही. काय करावं?

— एक वाचक, पुणे

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रात घराची माहिती भरपूर आहे, पण तिथे राहायला कोण येणार याबद्दल एकही ओळ नाही. होमस्टेचा हिशेब तिथूनच सुरू होतो. तुमच्या गावी रात्रीच्या मुक्कामाला कोण येतं, ते आधी बघा. एसटी स्टँडजवळच्या दोन-तीन लॉजवर एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी जा आणि किती खोल्या भरल्यात ते विचारा. शनिवार-रविवार किंवा जत्रेचे दिवस धरू नका, त्या दिवसांत सगळीकडेच गर्दी असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी लॉज निम्मा रिकामा असेल, तर तुमच्या घरासाठी वेगळा पाहुणा कुठून येईल?

नऊ लाखांचं गणित मांडून बघू. समजा, धुलाई, साफसफाई, चहा-नाश्ता आणि किल्ली देणाऱ्या माणसाचे पैसे जाऊन एका खोलीमागे एका रात्रीचे सहाशे रुपये हातात उरले. नऊ लाख वसूल व्हायला पंधराशे रात्री लागतील. पाच वर्षांत ते करायचं तर दोन खोल्यांपैकी प्रत्येक खोली वर्षाला दीडशे रात्री भरलेली हवी, आणि यात कर्जाचं व्याज धरलेलंच नाही. किनाऱ्यावरच्या किंवा थंड हवेच्या गावाला हे जमू शकतं. शिवाय पाहुणा रात्री अकराला आला, पंप बिघडला, चादर डागाळली, तर गावात हजर असणारा माणूस लागतो, आणि तुम्ही पुण्यात आहात. होमस्टेत घर भाड्याने जातं हे खरं, पण त्याहून जास्त विकलं जातं ते यजमानाचं रोजचं लक्ष.

आता तालुक्याच्या गावात कायम कोणाला जागा लागते ते बघा. बँकेत बदलीवर आलेला कर्मचारी, ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका, शाळा-कॉलेजातले शिक्षक, तहसील किंवा महावितरणच्या कार्यालयातले लोक. ही मंडळी दोन-तीन वर्षांसाठी येतात, दर महिन्याला पगार मिळवतात आणि बदली झाली की आपणहून जातात. यांना पीओपी छत नको असतं. स्वतःचं स्वतंत्र दार, स्वच्छ शौचालय, दिवसभर पाणी, ओटा असलेलं स्वयंपाकघर आणि दुचाकी लावायला आत जागा, एवढं त्यांना पुरतं. तुमच्या मागच्या दोन खोल्यांना बोळातून वेगळं दार आधीच आहे. म्हणजे या भाडेकरूला हवी असलेली सगळ्यात महाग गोष्ट, स्वतंत्र प्रवेश, तुमच्या आजोबांनी करून ठेवली आहे. सोपा आणि माजघर तुमच्याच ताब्यात राहील, गावी गेलात की उतरायला तुमची जागा तयार. मधल्या दाराला मात्र दोन्ही बाजूंनी कडी लावा.

माझं मत स्पष्ट आहे: मागच्या दोन खोल्या महिन्याच्या भाड्याने द्या. सोप्याचं पुढे बोलू.

भाडेकरू न हलण्याची तुमची भीती खोटी नाही, फक्त ती जुन्या काळातली आहे. तुमच्या आळीतला भाडेकरू तीस वर्षांपूर्वी बहुधा तोंडी बोलणीवर किंवा साध्या पावतीवर आला असेल, आणि तेव्हाच्या भाडे कायद्याने त्याला संरक्षण मिळालं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातलं कलम ५५ सांगतं की भाडेकराराचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो तो वेगळाच. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, असं पुष्कळ लोक सांगतात. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागतेच.

उलट नोंदणी केलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारामागे कलम २४ उभं राहतं. मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर तुम्ही नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकता. मुदतीनंतरच्या दिवसांसाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. एक मर्यादा लक्षात ठेवा: हा जलद मार्ग फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. पुढचा सोपा दुकानाला किंवा क्लासला दिलात तर कलम २४ मदतीला येत नाही. रस्त्यावरच्या सोप्याला दुकानाचं भाडं जास्त मिळेल, असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. मिळेलही. पण हिस्से ठरलेले नसताना ताबा दुकानदाराकडे देणं मला धोक्याचं वाटतं.

कराराचा खर्च लोक समजतात त्याहून कमी असतो. समजा भाडं साडेचार हजार, मुदत चोवीस महिने, परत करायची अनामत पंधरा हजार. एकूण भाडं १,०८,०००. अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं दोन वर्षांचं व्याज ३,०००. मिळून १,११,०००. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे तीनशेच्या आत. नोंदणी फी शहरी हद्दीत हजार रुपये, ग्रामपंचायत हद्दीत पाचशे. शिवाय दस्त हाताळणीचं थोडं शुल्क आणि एजंट घेतलात तर त्याचे पैसे. हे सगळं आधार पडताळणीने ऑनलाइनही करता येतं. करारात चार गोष्टी नीट लिहून घ्या: नेमक्या कोणत्या खोल्या आणि कोणतं दार दिलं, सोपा, माजघर आणि माळा दिलेला नाही, सोडण्यासाठी दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना, आणि वीज सब-मीटरच्या युनिटप्रमाणे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायला विसरू नका. मुदत संपायच्या महिनाभर आधी नवा करार करा. भाडेकरू चांगला आहे म्हणून जुन्या कराराची मुदत संपल्यावरही तसंच चालू ठेवणं, इथेच बहुतेकांचं बिघडतं.

पण या सगळ्याआधी एक पायरी आहे, आणि ती तुमच्या पत्रातून सुटली आहे. मिळकत पत्रिकेवर आजोबांचं नाव आहे आणि तुम्ही काका, चुलतभाऊ एवढ्यांबद्दल लिहिलंत. आत्या आहे का? सख्खी बहीण आहे का? हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यानंतर आजोबा इच्छापत्र न करता गेले असतील तर आत्याही वारस आहे. तुमच्या वडिलांच्या हिश्श्यात आई आणि बहीण तुमच्या बरोबरीने आहेत. एकट्याने करार केलात, तर उद्या नाराज झालेला कोणीही हिस्सेदार तो मोडायला उभा राहू शकतो आणि भाडेकरू मध्ये अडकतो.

म्हणून नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज आताच द्या. मृत्यूचे दाखले, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र वगैरे लागेल. ही नोंद म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे, पण तिच्याशिवाय पुढचं प्रत्येक काम अडतं. नोंद होईपर्यंत सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांचं संमतीपत्र नोटरीकडून करून घ्या. शक्य असेल तर भाडेकरारातही देणारे म्हणून सगळ्यांची नावं घाला. संमतीपत्रात तीन वाक्यं महत्त्वाची. ही वाटणी नाही, कोणाच्याही हिश्श्याला बाध येत नाही. दुरुस्तीचा खर्च ज्याने केला त्याला तो बिलांप्रमाणे भाड्यातून आधी परत मिळेल. त्यानंतर उरलेलं भाडं हिश्श्याप्रमाणे वाटलं जाईल. तुमच्या चुलतभावाचा आक्षेप बहुधा घराला नसून, तुम्ही एकटे वापराल आणि त्याला काही मिळणार नाही या शंकेला असेल. दुसरं आणि तिसरं वाक्य वाचून तो कदाचित विकण्याचा आग्रह सोडेल. आयकरही ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे लागतो. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते, ती दुरुस्ती प्रत्यक्ष केली असो वा नसो.

आता घराकडे वळू. ठेकेदाराच्या यादीत चार कामं आहेत आणि त्यातली तीन या घराला अपायकारक आहेत. त्याचा हेतू वाईट असेल असं नाही. त्याला विटा-सिमेंटच्या घरांची सवय आहे.

तुमच्या भिंती माती-दगडाच्या किंवा कच्च्या विटांच्या असतील. अशी भिंत जमिनीतलं पाणी थोडं थोडं वर ओढते आणि पृष्ठभागावरून हवेत सोडते. माती-चुन्याचा गिलावा हे पाणी बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा वाट अडवतो, मग पाणी आणखी वर चढतं. पहिलं वर्ष भिंत छान दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात दोन-तीन फुटांवर रंगाला फुगे येतात, पांढरा लोणा फुटतो आणि गिलाव्याचे पापुद्रे पडतात. खाली गुळगुळीत फरशी घातली की जमिनीतून निघणारी ओलही भिंतीकडेच वळते. तुमच्या घरात आधीच कुठे सिमेंट लावलेलं असेल तर बोटाच्या पेराने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तो भाग भिंतीपासून सुटलेला आहे.

गिलाव्याला हात लावण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. गेल्या वीस-तीस वर्षांत रस्त्यावर काँक्रीटचे थर चढत गेल्याने पुष्कळ जुन्या घरांची जोती रस्त्याच्या पातळीला आली आहेत. बोळात भिंतीला चिकटून माती किंवा काँक्रीट चढलं असेल तर ते जोत्याच्या सहा इंच खाली आणा आणि उतार भिंतीपासून दूर काढा. पागोळ्यांचं पाणी पायाशी पडून भिंतीवर उडतं, तिथे पत्र्याची पन्हळ लावा. न्हाणीची मोरी भिंतीशी झिरपत असेल तर तेच ओलीचं मूळ असू शकतं. एवढं केल्यावर, ओलीची रेषा जिथे संपते तिच्या फूटभर वरपर्यंतचा सिमेंटचा किंवा सुटलेला गिलावा काढा आणि भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्या. मग एक भाग चुना आणि तीन भाग वाळूचा गिलावा पातळ थरात, एका वेळी अर्ध्या इंचाहून कमी, आणि काही दिवस पाणी शिंपडत. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळाला नाही तर तूस घातलेला मातीचा गिलावाही चालेल. वरून चुन्याची सफेदी: एक किलो चुन्याला साधारण पाच लिटर पाणी, गाळून, थोडा डिंक घालून, पातळ तीन हात. चुना भिजवताना डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच, भिजणारा चुना उकळतो. प्लास्टिक रंग, डिस्टेंपर आणि "वॉटरप्रूफ" लेप या भिंतींवर नको.

पीओपी छताचं तर नावच काढू नका. कौलांखाली ते बसवलं की कौल सरकलेलं दिसत नाही, वासा भिजत राहतो, वाळवी लागते आणि छत खाली येईपर्यंत कळत नाही. उघडे वासे दिसणं हीच या छताची देखभाल आहे.

छपराची पाहणी भर पावसात करा. एक दिवस मुद्दाम जा आणि जिथे थेंब पडतो तिथे जमिनीवर आणि वरच्या वाशावर कोळशाने खूण करा. कोरड्या दिवशी आलेला कारागीर अंदाजाने सगळंच छप्पर उतरवायला सांगतो. खुणा असतील तर काम बहुतेक वेळा आढ्यावरच्या कौलांपुरतं, फुटक्या कौलांपुरतं आणि काही कुजक्या रिपांपुरतं निघतं. कौलं चाळायचं काम एप्रिल-मे महिन्यांत करा. त्याच वेळी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक वाशांमध्ये आणि तुळयांच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकांत दाबून बघा. लाकूड कडक लागलं तर ठीक. टोक सहज आत गेलं, तर रंग-गिलावा बाजूला ठेवा आणि आधी अनुभवी सुताराला दाखवा. तुळईचं टोक कुजलेलं असेल तर दुरुस्तीआधी त्या खोलीत कोणालाही राहायला देऊ नये. माळ्यावर जड सामान ठेवू नका, भाडेकरूलाही ठेवू देऊ नका.

ठेकेदाराच्या यादीतलं चौथं काम, जोडबाथरूम. गरज खरी आहे, जागा चुकीची. खोलीच्या आत मोरी आणली की मातीच्या भिंतीला कायमचं पाणी लागलं. परसातलं शौचालय आणि न्हाणीच दुरुस्त करा: नवं भांडं, आतून नीट लागणारी कडी, वर जाळीचा झरोका, पक्की फरशी (इथे फरशी हवीच), आणि मागच्या दारापासून तिथपर्यंत दिवा आणि पत्र्याचं छोटं आच्छादन. पावसात छत्री घेऊन जावं लागणार असेल तर चांगला भाडेकरू टिकत नाही. तीन वर्षं वापर नसल्याने ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असेल आणि त्यातून वास, झुरळं येत असतील. आधी चार बादल्या पाणी ओतून बघा, त्यानेही वास जातो का. सेप्टिक टाकीचं झाकण मात्र स्वतः उघडायला जाऊ नका, आतला वायू जीवघेणा असतो. नगरपरिषदेची मैला उपसा गाडी बोलवा.

पाण्याची टाकी हजार लिटरची घ्या आणि ती छपरावर ठेवू नका. भरल्यावर तिचं वजन एक टन होतं आणि तुमचे वासे त्यासाठी नाहीत. परसात आठ-नऊ फूट उंचीचा लोखंडी स्टँड करा. नळाला पुरेसा दाब मिळतो, शॉवरला मिळणार नाही, आणि ते आधीच सांगून टाका.

विजेत जोडतोड करू नका. कापडी वेष्टनाची किंवा ॲल्युमिनियमची जुनी तार असेल तर मागच्या खोल्यांसाठी मीटरपासून नवी स्वतंत्र लाइन ओढा. दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, गिझर आणि मिक्सरच्या मोठ्या पिनांना अडीचची. नवं अर्थिंग आणि करंट गळू लागताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, कारण ओलसर भिंत आणि जुनी तार एकत्र आली की भिंतीलाच करंट येऊ शकतो. तारा भिंतीत खाचा पाडून नकोत, बाहेरून पट्टीत न्या. मातीच्या भिंतीला खाच पाडली की ती कुरतडली जाते.

हे सगळं मिळून किती? दर गावोगाव वेगळे असतात, तेव्हा हे आकडे तुमच्या बजेटची मांडणी म्हणून घ्या. कौलं आणि लाकूड तीस हजार, शौचालय-न्हाणी पंचेचाळीस, वायरिंग अठ्ठावीस, भिंती आणि चुना पंधरा, टाकी आणि स्टँड चौदा, ओटा आणि सिंक बारा, करार आणि सब-मीटर चार. एकूण १,४८,०००. कर्ज नको. साडेचार हजार भाडं धरलं आणि वर्षातला एक महिना जागा रिकामी धरली तर ४९,५००. त्यातून घरपट्टी आणि दरवर्षीच्या कौल-चुन्याचे साडेनऊ हजार वजा केले की चाळीस हजार. पावणेचार वर्षांत खर्च निघतो. तुमच्या गावात दोन खोल्यांना तीनच हजार मिळत असतील तर यादी त्या प्रमाणात आखडा. छप्पर, वीज आणि शौचालय ठेवा, ओटा साधा करा, सोप्याच्या बाजूच्या भिंती पुढच्या वर्षी. चार वर्षांच्या भाड्यातून जो खर्च परत येणार नाही तो हौसेचा समजावा. हौस करायला हरकत नाही, पण त्यासाठी कर्ज काढू नये. भाड्याचा खरा दर कळायला एजंटला विचारण्यापेक्षा बँकेच्या शिपायाला किंवा रुग्णालयातल्या परिचारिकांना विचारा. भाडेकरूही बहुधा तिथूनच मिळेल.

ज्यांचं घर ग्रामपंचायत हद्दीतल्या लहान गावात आहे, जिथे सरकारी कार्यालयंच नाहीत, त्यांना हे गणित तसंच लागू पडणार नाही. तिथे एखादी कोरडी खोली शेतमालाच्या साठवणीला किंवा दूध संकलनाला देणं जास्त शक्य असतं. पण ती राहण्याची जागा नव्हे, त्यामुळे कलम २४ चं संरक्षण नाही हे लक्षात ठेवून करार करावा.

राहिला सोपा. मागचा भाडेकरू वर्षभर टिकला आणि सगळं सुरळीत चाललं, तर तिथे अभ्यासिका करता येईल. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं तालुक्याच्या गावांतही आहेत आणि घरात शांत जागा मिळत नाही ही त्यांची खरी अडचण असते. अभ्यासिकेत विद्यार्थ्याला फक्त बसण्याची जागा मिळते, खोलीचा ताबा तुमच्याकडेच राहतो. तीन खणांचा सोपा चोवीस फूट बाय अकरा फुटांच्या आसपास असेल असं धरतो. आठ बाय चारची प्लायवूडची शीट लांबीत मधोमध कापली की दोन फूट खोलीच्या दोन पट्ट्या निघतात, आणि प्रत्येक पट्टीवर बत्तीस इंचांच्या तीन जागा बसतात. म्हणजे दोन शीटमध्ये बारा जागा. दोन्ही लांब भिंतींना दोन-दोन पट्ट्या, भिंतीपासून दोन इंच सोडून, म्हणजे भिंतीला हवा लागते आणि प्लाय ओलावत नाही. मधल्या आडपडद्यांना आणखी एक शीट पुरते. खुर्च्यांत काटकसर करू नका. प्लास्टिकच्या खुर्चीवर आठ तास बसणारा मुलगा महिन्याभरात दुसरीकडे जातो. पुण्यात जुन्या ऑफिस खुर्च्या स्वस्तात मिळतात.

पण आकडे बघा. महिना सातशे रुपये आणि बारापैकी सरासरी नऊ जागा भरल्या तर ६,३०० येतात. वीज, इंटरनेट, झाडलोट आणि किल्ली सांभाळणाऱ्याचे मिळून साडेतीन हजार सहज जातात. एखाद्या जबाबदार विद्यार्थ्याला फुकट जागा आणि वर थोडे पैसे देऊन किल्ली सोपवणं हा रूढ मार्ग आहे. उरतात अडीच-पावणेतीन हजार, आणि टेबल-खुर्च्या, पंखे, इन्व्हर्टर यांत पाऊण लाखाच्या वर गुंतलेले. म्हणून हे पहिलं पाऊल नको. शिवाय अभ्यासिका घरगुती वीजदरात बसत नाही. महावितरणला कळवून सोप्याची जोडणी त्या वापराच्या वर्गात घ्या. नाहीतर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. मुलींनाही प्रवेश द्यायचा असेल तर स्वतंत्र शौचालय लागेल. भाडेकरूच्या परसातल्या शौचालयावर बारा जणांची वर्दळ नेलीत तर भाडेकरू जाईल.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं करा. आत्या आणि बहिणीला फोन करून संमतीपत्राचा मसुदा वाचून दाखवा. आणि ठेकेदाराला सांगा की नऊ लाखांचा कागद बाजूला ठेवून फक्त छप्पर, परसातलं शौचालय-न्हाणी आणि मागच्या दोन खोल्यांचं वायरिंग यांचे वेगवेगळे दर द्यावेत, साहित्य आणि मजुरी निरनिराळी लिहून. त्याने एकगठ्ठा आकडाच सांगितला तर कौलांसाठी गावातला जुना शाकारणारा आणि वायरिंगसाठी परवानाधारक वायरमन, असे दोघे स्वतंत्र शोधा.